भाषण मोजायचं कसं: मिनिटाचे शब्द, भरीचे शब्द आणि शेवटच्या घाईचं मूळ

सादरीकरण झालं की ऐकणारे दोनच गोष्टी सांगतात: "थोडं हळू बोल" आणि "ते तर-तर कमी कर." दोन्ही सूचना बरोबर असतात, पण त्यांचा उपयोग फार होत नाही. हळू कुठे बोलायचं आणि "तर" कधी येतो हे बोलणाऱ्याला कळलेलंच नसतं. रेकॉर्डिंग मोजलं की ते कळतं. गोव्यात मराठीतून सादरीकरण करणाऱ्यांसाठी, म्हणजे कॉलेजचे विद्यार्थी, शिक्षक, वाचनालयाच्या किंवा महिला मंडळाच्या कार्यक्रमात बोलणारे, अशा सगळ्यांसाठी ही पद्धत लिहितो आहे. फोन, संगणक आणि एखादी मोकळी संध्याकाळ एवढंच लागेल.

समजायला सोपं जावं म्हणून एक नमुना घेऊ. विज्ञान शाखेची एक विद्यार्थिनी खाजन शेतीवर आठ मिनिटं बोलते आहे, पाठीमागे स्लाइड आहेत आणि आठ मिनिटांनी घंटा वाजणार आहे. नमुना मीच रचला आहे, पण सरावाला येणाऱ्यांची भाषणं ज्या तऱ्हेने अडखळतात त्याच तऱ्हेने तो अडखळतो. आकडे तुम्ही स्वतः ताडून पाहू शकाल.

रेकॉर्डिंग

फोन प्रेक्षकांत ठेवू नका, बोलणाऱ्याजवळ टेबलावर ठेवा. लांबून घेतलेल्या आवाजात "अं" ऐकूच येत नाही. ते बहुधा हळू आवाजात, तोंड अर्धवट मिटून निघतं, आणि आपल्याला मोजायचं असतं नेमकं तेच. पंखा थेट फोनवर वारा टाकणार नाही असं पाहा. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली सराव असेल तर दुसरी खोली शोधा, कारण त्या आवाजात बारीक अडखळणं साफ बुडून जातं. फोन एअरप्लेन मोडवर टाका, मध्ये कॉल आला तर रेकॉर्डिंग तुटू शकतं. दुसऱ्याचं भाषण घेणार असाल तर आधी विचारा, आणि मोजून झाल्यावर ते कुणाला पाठवणार नाही हेही सांगा. आपलं अडखळणं चारचौघांत फिरेल या भीतीने माणूस आणखी अडखळतो.

प्रेक्षक नसताना घेतलेलं रेकॉर्डिंग कमी कामाचं. "अं", "तर" असे भरीचे शब्द समोर माणसं बसली की वाढतात, म्हणून घरातली दोन-तीन माणसं तरी समोर बसवा आणि घड्याळ लावा.

बोललं तसंच लिहायचं

आता रेकॉर्डिंग ऐकत शब्दन् शब्द लिहून काढायचा. आठ मिनिटांच्या भाषणाला पहिल्या वेळी तासभर किंवा जास्तच लागतो. संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये `[` दाबलं की वेग उतरतो, `]` दाबलं की चढतो आणि `=` दाबलं की मूळ वेग परत येतो. वेग कमी केला तरी आवाज घोगरा होत नाही, त्यामुळे शब्द ओळखता येतात.

बोलून टाइप करण्याची सोय फोनमध्ये असते, आणि तिच्यासमोर रेकॉर्डिंग वाजवून मजकूर मिळवावा असा मोह होतो. शब्दांच्या ढोबळ संख्येसाठी ते चालेल. भरीच्या शब्दांसाठी मात्र तो मजकूर अजिबात वापरू नका. अशा सोयी वाचायला नीट मजकूर देण्यासाठी केलेल्या असतात, त्यामुळे "अं" आणि अर्धे तुटलेले शब्द त्या बहुतेक गाळतात. मग कागदावर भाषण स्वच्छ दिसतं आणि ऐकताना मात्र खडबडीत लागतं.

लिहिताना काही नियम आधीच ठरवा आणि ते कागदाच्या वर लिहून ठेवा, कारण पुढच्या महिन्यात ते आठवणार नाहीत. आकडे अक्षरी लिहायचे: "1961" हा कागदावर एक शब्द, पण तोंडातून "एकोणीसशे एकसष्ट" असे दोन निघतात. "अं", "ॲ", "हं" यांतलं काहीही आलं तरी लिहिताना एकच रूप ठेवायचं, "अं". तुटलेला शब्द, म्हणजे "खाज..." म्हणून थांबून पुन्हा "खाजन" म्हटलं, तर फक्त पूर्ण शब्द मोजायचा. आणि प्रत्येक मिनिट संपलं की नवी ओळ सुरू करायची. हा शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा, सगळं विश्लेषण पुढे त्याच्यावरच उभं राहतं.

नमुना भाषणाची सुरुवात अशी:

> तर अं खाजन म्हणजे अं खाऱ्या पाण्याच्या काठावरची सखल जमीन. तर ही जमीन म्हणजे आपल्या पूर्वजांनी बांध घालून म्हणजे मिळवलेली आहे. आणि अं त्या बांधाला जी दारं असतात ना त्यांना आपण मानस म्हणतो. तर भरतीला ॲक्च्युअली ही दारं आपोआप मिटतात आणि ओहोटीला म्हणजे उघडतात. तर अं पुढची स्लाइड.

हा तुकडा 32 सेकंदांचा आहे आणि त्यात 48 शब्द आहेत. मिनिटाच्या हिशेबाने वेग 90 झाला. सूत्र एवढंच: शब्द भागिले सेकंद, गुणिले 60.

भरीचा शब्द कोणता, खरा शब्द कोणता

नवखे बहुतेक इथेच चुकतात. "म्हणजे" हा शब्द या तुकड्यात चार वेळा आला आहे. चारही भरीचे आहेत का? पहिल्या वाक्यात "खाजन म्हणजे सखल जमीन" अशी व्याख्या आहे. तिथून "म्हणजे" काढला तर वाक्य मोडतं. तो खरा शब्द. "ही जमीन म्हणजे आपल्या पूर्वजांनी बांध घालून म्हणजे मिळवलेली आहे" यातले दोन्ही "म्हणजे" काढून वाचा: "ही जमीन आपल्या पूर्वजांनी बांध घालून मिळवलेली आहे." वाक्याचं काही बिघडलं नाही, उलट ते सरळ झालं. ते दोन्ही भरीचे. "ओहोटीला म्हणजे उघडतात" यातलाही तसाच. म्हणजे चारांपैकी एक खरा आणि तीन भरीचे.

कसोटी हीच ठेवा. शब्द काढून वाक्य मोठ्याने वाचायचं. अर्थही तोच राहिला आणि वाक्यही लंगडं झालं नाही, तर शब्द भरीचा.

"अं" चार वेळा आलं आहे. त्याला कसोटीची गरजच नाही. "तर" चार वेळा आला आहे आणि चारही वेळा वाक्याच्या तोंडाशी. "पाऊस पडला तर बांध फुटतो" यातला "तर" अट सांगतो, तो खरा शब्द. इथले चारही नुसतेच तोंड उघडण्यासाठी आलेले आहेत. "ॲक्च्युअली" एकदा. एकूण भरीचे शब्द 12, आणि 48 मधून ते वजा केले की कामाचे 36 उरतात.

मग "असतात ना" यातला "ना" कुठे घालायचा? काढला तरी वाक्य टिकतं, पण गोव्यातल्या घरगुती बोलण्यात हा "ना" ऐकणाऱ्याला सोबत घेतो. तो कधी उपयोगी असतो आणि कधी नुसती सवय. अशा शब्दांसाठी मी "शंका" असा वेगळा खण ठेवतो आणि त्यांना भरीच्या बेरजेत धरत नाही. भाषणभर तो दहा-पंधरा वेळा आला तर तिकडे पाहता येतं.

आपल्याकडच्या बोलणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. घरात कोंकणी आणि व्यासपीठावर मराठी असं असेल, तर घाबरल्यावर "म्हणजे"च्या जागी "म्हळ्यार" निसटतं. तो वेगळा प्रकार धरू नका, "म्हणजे"च्याच खणात घाला. कारण दोन्हींचं एकच आहे, पुढचा शब्द हाताशी नसतो. दुसरं म्हणजे ओढलेला स्वर. "आणिऽऽऽ" असं लांबवलेलं अक्षर हेही भरलेलं थांबणंच आहे, शब्द मात्र खरा असल्यामुळे ते यादीत सापडत नाही. जत्रेतल्या नाटकांत काम करणाऱ्यांना स्वर लांबवायची सवय असते. तिथे ती शोभते, पण स्लाइडसमोर सारखी आली तर ती मोजा.

टाइप केलेल्या मजकुरात शोध चालवून मोजणार असाल तर सावध राहा. "तर" शोधलंत की "नंतर", "इतर", "उत्तर", "तरी" हे सगळे त्यात येतात. "ना" शोधलंत की "त्यांना" येतो. वरच्या तुकड्यातच "ना" एकदा आहे आणि शोध मात्र दोन दाखवेल. लिबरऑफिसच्या शोधात `Whole words only` हा पर्याय आहे, त्यावर खूण करा. तरीही खरा आणि भरीचा "म्हणजे" यांतला फरक शोध करू शकणार नाही, ते काम तुमच्या कानांनीच करायचं आहे.

वेळेसह खुणा

किती आले हे कळणं अर्धंच काम. कधी आले हे हवं असेल तर ऑडॅसिटी हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम वापरा. विंडोजवर फोनची m4a फाइल त्यात थेट उघडली नाही तर एफएफएमपेग हे पूरक घालावं लागतं, किंवा फाइल आधी wav करून घ्या. रेकॉर्डिंग सुरू करा आणि भरीचा शब्द ऐकू आला की `Ctrl+M` दाबा. त्या क्षणावर खूण पडते आणि तिला नाव देता येतं. शब्द टाइप करत बसू नका, आकडे वापरा: 1 म्हणजे "अं", 2 म्हणजे "तर", 3 म्हणजे "म्हणजे", 4 म्हणजे बाकीचे, 9 म्हणजे शंका. आकडा टाइप करून एंटर दाबायचं. एंटर न दाबता आवाज थांबवायला स्पेसबार दाबलात तर आवाज थांबत नाही, खुणेच्या नावात नुसती मोकळी जागा पडते. पहिल्यांदा हे प्रत्येकाचं होतं.

शेवटी फाइलच्या मेनूतून `Export Labels` केलं की एक साधी मजकूर फाइल मिळते. तिच्या प्रत्येक ओळीत खुणेची सुरुवात, शेवट आणि नाव असतं, वेळ सेकंदांत. ती स्प्रेडशीटमध्ये उघडा. दुसऱ्या मिनिटातले "अं" मोजायचे असतील तर सूत्र असं:

```
=COUNTIFS(A:A,">=60",A:A,"<120",C:C,1)
```

काही संगणकांवर स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम लागतो. ऑडॅसिटी नकोच असेल तर कागदावर आठ रकाने आखून ऐकता ऐकता रेघा मारल्या तरी भागतं. फक्त एका वेळी एकच प्रकार ऐका. चारही प्रकार एकदम पकडायला गेलात तर "अं" हमखास सुटतं, कारण कान शब्दांकडे वळतो.

एका भाषणाचे आठ तुकडे

नमुना भाषण पूर्ण मोजल्यावर असा तक्ता तयार होतो:

| मिनिट | एकूण शब्द | भरीचे | कामाचे |
|---|---|---|---|
| 1 | 96 | 17 | 79 |
| 2 | 104 | 7 | 97 |
| 3 | 108 | 5 | 103 |
| 4 | 91 | 12 | 79 |
| 5 | 110 | 4 | 106 |
| 6 | 114 | 5 | 109 |
| 7 | 131 | 9 | 122 |
| 8 | 142 | 13 | 129 |

बेरीज 896 शब्द, म्हणजे मिनिटाला 112. भरीचे 72, म्हणजे मिनिटाला 9, किंवा दर शंभर शब्दांमागे 8. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, "वेग ठीक आहे, भरीचे शब्द जरा कमी कर." पण मिनिटाला 112 च्या आसपास ती मुलगी फक्त मधल्या दोन-तीन मिनिटांत बोलली आहे. चौथ्या मिनिटात ती 91 वर आहे आणि आठव्यात 142 वर. ऐकणाऱ्याला सरासरी ऐकू येत नाही, त्याला शेवटची धावपळ ऐकू येते.

आता शेवटचा रकाना वाचा. तिसरं, पाचवं आणि सहावं मिनिट पाहिलं की तिची स्वाभाविक चाल दिसते: मिनिटाला कामाचे 103 ते 109 शब्द, आणि भरीचे फक्त चार-पाच. विषय तिच्या हातात असतो तेव्हा ती अशी बोलते. ही चाल 106 धरू. या चालीने आठ मिनिटांत 848 शब्द बसतात. तिच्या भाषणात कामाचे शब्द आहेत 824. म्हणजे मजकूर आठ मिनिटांत बसत होता. मग शेवटी घाई का झाली?

पहिल्या आणि चौथ्या मिनिटांत तिचे कामाचे शब्द 79 वर घसरले. दोन मिनिटांत मिळून 54 शब्द मागे राहिले, दुसऱ्या मिनिटात आणखी 9. ते शेवटी वसूल करावे लागले. सातव्या आणि आठव्या मिनिटांत ती तिच्या चालीपेक्षा 39 शब्द जास्त बोलली. शेवटची घाई शेवटी सुरू झालेली नाही, ती पहिल्या मिनिटातल्या "तर अं" पासून सुरू झाली. अशा मुलीला "शेवटी हळू बोल" म्हणून सांगणं निरुपयोगी आहे, तिच्याकडे तेव्हा वेळच उरलेली नसते. मोजण्याची सगळी मेहनत मला याच एका निष्कर्षासाठी सार्थ वाटते.

हिशेब करण्यापूर्वी एक वजाबाकी करायला विसरू नका. मध्ये मानशीचा व्हिडिओ दाखवला किंवा कुणी प्रश्न विचारला, तर तेवढे सेकंद त्या मिनिटातून काढून मग भाग द्या. नाहीतर ते मिनिट उगाच संथ दिसेल आणि नसलेला दोष सापडेल.

इंग्रजीचा आकडा इथे लावू नका

चांगल्या भाषणाचा वेग मिनिटाला 120 ते 150 शब्द असतो, असं तुम्ही वाचलं असेल. तो आकडा इंग्रजीचा आहे. "खाजनातल्या बांधावरच्या मानशीची दुरुस्ती" हे मराठीत चार शब्द. हेच इंग्रजीत म्हणायला नऊएक शब्द लागतात, कारण आपले प्रत्यय नामाला चिकटतात आणि त्यांचे ते वेगळे शब्द होतात. सारख्याच वेळात, सारख्याच आशयाला मराठीचे शब्द कमी भरतात. इंग्रजीचा 140 समोर ठेवून मराठी बोललात तर श्रोत्यांची दमछाक होईल.

गोव्यातल्या कॉलेजांत मुलं एकच प्रकल्प सकाळी इंग्रजीत आणि संध्याकाळी मराठीत मांडतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो आहे. दोन भाषांतले तुमचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. मराठीतलं तुमचं माप तुमच्याच मधल्या, निवांत मिनिटांतून काढा, जसं वर 106 काढलं. दोन मराठी भाषणांतही एकात लांबलचक पारिभाषिक शब्द असतील तर शब्दसंख्या फसवते. तेव्हा एखाद्या मिनिटाची अक्षरं मोजून पाहा, जोडाक्षर एकच धरायचं. वरच्या तुकड्यात भरीचे शब्द वगळले तर 36 शब्दांत 102 अक्षरं आहेत. शब्द कमी पण अक्षरं तेवढीच असतील, तर तुम्ही संथ झालेला नाहीत, शब्द लांब झाले आहेत.

भरीचे शब्द वाक्यात कुठे बसतात

आता पुन्हा सुरुवातीच्या तुकड्याकडे या आणि नुसत्या जागा पाहा. पाच वाक्यांपैकी चार "तर"ने सुरू होतात. चारपैकी तीन "अं" वाक्याच्या तोंडाशी आहेत, "तर" किंवा "आणि"च्या लगेच मागे. याचा अर्थ वाक्य तयार होण्याआधी तोंड उघडलं जातं आहे. "तर"ने जागा धरली जाते, "अं"ने ती टिकवली जाते, आणि तेवढ्यात डोक्यात वाक्य जुळतं.

"म्हणजे" वेगळ्या जागी बसला आहे. तिन्ही भरीच्या "म्हणजे"पैकी दोन क्रियापदाच्या ऐन आधी आहेत: "म्हणजे मिळवलेली आहे", "म्हणजे उघडतात". मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि वाक्य काय सांगणार ते तिथेच ठरतं. वाक्य लांबलं की क्रियापदापाशी येईपर्यंत बोलणारा दमतो आणि टेकायला जागा शोधतो.

दोन जागा, दोन वेगळी कारणं, म्हणून उपायही वेगळे. नुसतं "भरीचे शब्द टाळ" म्हटलं तर बोलणारा स्वतःवरच पहारा ठेवत बसतो आणि आणखी अडखळतो.

वाक्याच्या तोंडाशी येणाऱ्यांसाठी: वाक्य संपलं की ओठ मिटायचे, नाकाने श्वास घ्यायचा आणि पुढचं वाक्य तयार झालं की मगच तोंड उघडायचं. बोलणाऱ्याला ही शांतता फार लांब वाटते. रेकॉर्डिंगमध्ये ती मोजा, बहुधा ती एका सेकंदाच्या आत असते. स्वतःच्या आवाजात ते ऐकलं की भीती जाते. सांगून जात नाही, ऐकवावंच लागतं.

क्रियापदाआधी येणाऱ्यांसाठी: वाक्य तोडायचं. "भरती आली की दारं आपोआप मिटतात. ओहोटी लागली की उघडतात." दोन वाक्यं, दोन क्रियापदं, मध्ये टेकायची गरजच पडत नाही.

चौथ्या मिनिटातल्या बारांची गोष्ट तिसरीच होती. खुणांच्या वेळा पाहिल्यावर त्यातले सात दोन स्लाइड बदलताना सापडले. ती आधी बटण दाबायची, मग पडद्याकडे वळायची, मग स्लाइडवर काय आहे ते वाचायची आणि तोवर "तर अं पुढची" चालू. उपाय सोपा आहे: वाक्य आधी, बटण नंतर. "मानस बंद पडली तर शेतात खारं पाणी शिरतं" हे पूर्ण बोलायचं आणि मग ते चित्र आणायचं. प्रत्येक स्लाइडचं पहिलं वाक्य तेवढं पाठ करा. बाकीचं भाषण पाठ करू नका, पाठ भाषणात एक शब्द निसटला की सगळंच निसटतं.

वेळेचं गणितही नीट करायला हवं. 848 मध्ये 824 बसतात खरे, पण उरलेल्या 24 शब्दांची वेळ जेमतेम 14 सेकंद होते. ओठ मिटून थांबायचं म्हटलं तर एवढ्याने भागत नाही. म्हणून 50 शब्दांचा मजकूर कापायचा, म्हणजे आणखी सुमारे 28 सेकंद मोकळे होतात. कापताना उदाहरण ठेवा आणि प्रस्तावना कमी करा. कोरगूट भाताला खारं पाणी सोसतं हे लोकांच्या लक्षात राहील. "आज मी आपल्यासमोर या विषयावर दोन शब्द सांगणार आहे" हे नाही राहणार.

सुधारणा खरी की मोजणीतला फरक

दुसऱ्यांदा मोजण्याआधी एक काम करा. पहिल्याच रेकॉर्डिंगचं चौथं मिनिट दोन दिवसांनी, जुने आकडे न पाहता, पुन्हा मोजा. पहिल्यांदा 12 आले होते, या वेळी 11 किंवा 13 येतील. शंकेचे शब्द एकदा इकडे जातात, एकदा तिकडे. म्हणजे तुमच्या मोजणीचा स्वतःचाच फरक एक-दोनाचा आहे. नव्या रेकॉर्डिंगमध्ये पाचव्या मिनिटातले भरीचे शब्द 4 वरून 3 वर आले, तर त्यात आनंद मानण्यासारखं काही नाही. पहिल्या मिनिटात 17 चे 8 झाले, तर ती खरी सुधारणा.

तुलना करायची तर भाषण तेच, श्रोते साधारण तेवढेच आणि वेळेची मर्यादा तीच हवी. विषय बदलला की सगळे आकडे हलतात.

दर वेळी अख्खं भाषण लिहून काढायची गरज नाही. पहिल्या मोजणीनंतर तीनच मिनिटं घ्या: पहिलं, ज्यात सर्वांत जास्त स्लाइड बदलतात ते, आणि शेवटचं. नमुन्यातल्या मुलीसाठी पहिलं, चौथं आणि आठवं. पहिल्या दोघांत भरीचे शब्द उतरले पाहिजेत, आणि आठव्यात एकूण शब्द 142 वरून खाली, 110 ते 115 च्या आसपास यायला हवेत. पहिलं मिनिट सुधारलं पण आठवं तसंच राहिलं, तर मजकूर अजून जास्त आहे, आणखी कापा. आठवं सुधारलं पण पहिलं नाही, तर कापल्यामुळे वेळ मिळाली आहे, सुरुवात अजून तशीच आहे.

आणि खणांकडे लक्ष ठेवा. "तर" 2 वर आला म्हणून खूश होताना "आणि" किंवा "सो" वाढले का ते पाहा. जागा धरायची सवय तशीच राहिली तर शब्द बदलतो आणि बेरीज तेवढीच राहते. अशा वेळी नव्या शब्दाच्या मागे लागू नका, वाक्याच्या तोंडाशी ओठ मिटण्याचा सराव आणखी काही दिवस करा. शून्याच्याही मागे लागू नका. मधल्या मिनिटांतले चार-पाच भरीचे शब्द कुणाच्या कानाला टोचत नाहीत. ते शून्य करायला गेलं की बोलणं लिहून आणलेल्या निबंधासारखं वाचल्यागत होतं. पहिल्या मिनिटाचा आकडा पाचव्या मिनिटाच्या जवळ आला की मोजणं थांबवा आणि तो वेळ पुढच्या भाषणाची उदाहरणं शोधायला द्या.